डिरेक्टरीतलं आडनाव १७ नजरांत: बायनरी सर्च कसं चालतं आणि कुठे फसतं

छापील टेलिफोन डिरेक्टरीत नाव शोधताना पहिल्या पानापासून कोणी वाचत बसत नसे. पुस्तक कुठेतरी उघडायचं, आडनाव पाहायचं, मागे जायचं की पुढे ते ठरवायचं. कॉम्प्युटरला हेच काटेकोरपणे करायला लावलं की त्याला बायनरी सर्च म्हणतात. सांगायला दोन वाक्यं पुरतात. पण कोड लिहिला की तो एखाद्या नावाशी अडतो, आणि मराठी नावांची यादी असेल तर अशा ठिकाणी अडतो ज्याचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत नसतो. म्हणून आधी कागदावर नीट करून पाहू, मग कोड.

जुनी डिरेक्टरी आता रद्दीत गेली असेल, तर तालुक्यातल्या आडत्यांची किंवा सोसायटीच्या सभासदांची छापील फोन यादी घ्या. नावं आडनावाप्रमाणे लावलेली असली की झालं. हिशेबासाठी आपण जिल्ह्याची मराठीत छापलेली एक जाडजूड डिरेक्टरी धरू: ४०० पानं, दर पानावर २५० नावं, म्हणजे एकूण १ लाख.

आधी पान शोधा, मग ओळ

आपल्याला ‘मडावी’ हवं आहे. पुस्तक बरोबर मधोमध उघडा, पान २००. पानावरचं पहिलं आणि शेवटचं आडनाव तेवढं पाहा. समजा दोन्ही ‘द’ची निघाली. ‘म’ हा ‘द’च्या नंतर येतो, म्हणून पान १ ते २०० कायमची बाद. एका पानावरची दोनच नावं पाहून ५० हजार नावं बाजूला गेली. आता २०१ ते ४०० च्या मधलं पान, साधारण ३००, उघडा. तिथे ‘र’ लागला तर ३०० पासून पुढचं सगळं बाद. उरलं २०१ ते २९९. असंच करत गेलात की ४०० पानांतून नेमकं पान हाती यायला जास्तीत जास्त ९ वेळा पाहावं लागतं, कारण २ चा नववा घात ५१२ आहे आणि ४०० त्याच्या आत बसतात.

पान मिळालं की त्यावरच्या २५० ओळींना तोच नियम लावा. मधली ओळ पाहा, अर्धं पान झाका, उरलेल्या अर्ध्याची मधली ओळ पाहा. इथे जास्तीत जास्त ८ नजरा लागतात. ९ आणि ८ मिळून १७. कॉम्प्युटरला पानं नसतात, १ लाख ओळींची एकच लांब यादी असते, तरी त्यालाही १७ च लागतात.

क्रमाने वाचलं असतं तर? एका नावाला एक सेकंद धरा. सरासरी अर्धी डिरेक्टरी वाचावी लागते, म्हणजे ५० हजार सेकंद, जवळपास १४ तास. पण मला या हिशेबापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. नाव डिरेक्टरीत नाहीच, असं असेल तेव्हा क्रमाने वाचणाऱ्याला लाखच्या लाख नावं वाचल्याशिवाय ‘नाही’ म्हणता येत नाही. बायनरी सर्च मात्र १७ नजरांत छातीठोकपणे ‘नाही’ म्हणतं.

यादी दुप्पट झाली तर काम दुप्पट होत नाही, एक नजर वाढते. २ लाखांना १८. १० कोटी नावं असली तरी २७.

१५ नावांवर हात चालवून पाहा

मोठे आकडे बाजूला ठेवा आणि ही छोटी यादी वहीत उतरवून घ्या. आडनावं आपल्याकडचीच आहेत.

```
 1 अढाऊ      6 चौधरी     11 मडावी
 2 इंगळे      7 ठाकरे     12 मेश्राम
 3 उईके      8 तायडे     13 राठोड
 4 काळे      9 देशमुख    14 रामटेके
 5 गावंडे    10 बोरकर     15 वानखडे
```

डावं बोट १ वर, उजवं बोट १५ वर ठेवा. दोन बोटांच्या मधे, दोन्ही टोकं धरून, जेवढी नावं आहेत तेवढ्यातच आपलं नाव असू शकतं. पुढची सगळी पद्धत एवढी एक गोष्ट खरी ठेवण्यासाठी आहे. मधला क्रमांक काढायला दोन्ही आकड्यांची बेरीज करून अर्धी करायची आणि अपूर्णांक आला तर सोडून द्यायचा.

‘मडावी’ शोधू. १ आणि १५ चा मध्य ८, तिथे तायडे. मडावी त्याच्या पुढे, म्हणून डावं बोट ९ वर. ८ वर नाही, कारण ८ आपण आत्ताच पाहिला आणि तो मडावी नव्हता. ९ आणि १५ चा मध्य १२, मेश्राम. ‘मड’ हे ‘मे’च्या आधी येतं, म्हणून उजवं बोट ११ वर. ९ आणि ११ चा मध्य १०, बोरकर. पुढे चला, डावं बोट ११ वर. आता दोन्ही बोटं एकाच ओळीवर आली. मध्यही ११ च, आणि तिथे मडावी. चार नजरा. १५ नावांना याहून जास्त कधीच लागत नाहीत.

आता यादीत नसलेलं नाव घ्या, ‘पवार’. ८ वर तायडे, पुढे चला, डावं ९. १२ वर मेश्राम, मागे चला, उजवं ११. १० वर बोरकर, ‘प’ हा ‘ब’च्या आधी, उजवं ९. ९ वर देशमुख, पुढे चला, डावं १०. डावं बोट १० वर आणि उजवं ९ वर, म्हणजे बोटांनी एकमेकांना ओलांडलं. मधे एकही ओळ उरली नाही. पवार यादीत नाही.

इथे बरेच जण थांबतात, पण डावं बोट कुठे राहिलं ते पाहा. १० वर. पवार यादीत घालायचं झालं तर ते नेमकं १० व्या जागी, बोरकरच्या आधी बसेल. न सापडलेल्या शोधातूनही आपल्याला एक जागा मिळते. ही जागा फेकून देऊ नका, पुढे कामाला येते.

कोडमध्ये

बोटांच्या जागी `lo` आणि `hi`. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून आपली आठवी ओळ तिथे ७ क्रमांकाची. बाकी काही बदलत नाही.

```python
def shodh(yadi, nav):
    lo, hi = 0, len(yadi) - 1
    while lo <= hi:
        mid = (lo + hi) // 2
        if yadi[mid] == nav:
            return mid
        if yadi[mid] < nav:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid - 1
    return -1
```

मी मुद्दाम ‘मडावी’ निवडलं, कारण दोन नेहमीच्या चुकांपैकी पहिली याच नावावर पकडता येते. पहिली चूक `lo <= hi` ऐवजी `lo < hi` लिहिण्याची. मग दोन्ही बोटं एका ओळीवर आली की शोध थांबतो आणि ती शेवटची ओळ न पाहताच ‘नाही’ म्हणतो. मडावी नेमकं त्या ओळीवर आहे. गंमत अशी की तायडे, काळे, मेश्राम शोधून पाहिले तर हाच चुकीचा कोड बरोबर उत्तर देतो, आणि लिहिणारा खुशीत पुढे जातो.

दुसरी चूक `lo = mid` लिहिण्याची. ही ‘मडावी’वर दिसत नाही, ‘बोरकर’ शोधून पाहा. तायडे पाहिल्यावर डावं बोट ९ ऐवजी ८ वर येतं. ८ आणि १५ चा मध्य ११, मडावी, म्हणून उजवं बोट १० वर. ८ आणि १० चा मध्य ९, देशमुख, म्हणून डावं बोट १० ऐवजी ९ वर. ९ आणि १० चा मध्य पुन्हा ९, पुन्हा देशमुख, पुन्हा डावं बोट ९ वर. प्रोग्राम तिथेच फिरत राहतो. स्क्रीन गोठल्यासारखी दिसली आणि पंखा जोरात फिरायला लागला की आधी ही ओळ तपासा.

म्हणून चाचणी एकदोन नावांवर करू नका. यादीतलं प्रत्येक नाव शोधा, मग पहिल्याच्या आधीचं, शेवटच्याच्या नंतरचं आणि मधल्या फटींतलं एकेक, आणि रिकामी यादीही देऊन पाहा. १५ नावांची यादी असेल तर हे सगळं क्षणात होतं. या चुका फक्त नवशिक्याच्या नाहीत. जावाच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक सुमारे ९ वर्षं राहून गेली होती आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. यादी १०७ कोटींहून मोठी झाली की `lo + hi` ही बेरीज ३२ बिटांत मावत नसे आणि मध्य उणे निघे. पायथनला हा त्रास नाही.

एका आडनावाची अनेक घरं

वरच्या यादीत प्रत्येक आडनाव एकदाच आहे. खऱ्या डिरेक्टरीत देशमुखांचीच पानंच्या पानं असतात. वरचा कोड यांतला कुठलाही एक देशमुख देतो, पहिला देईलच असं नाही. मग लोक काय करतात, तो सापडला की तिथून एकेक ओळ मागे सरकत पहिला गाठतात. देशमुख २ हजार असले तर हे सरकणं हजार-दीड हजार ओळींचंही होऊ शकतं. १७ नजरांत कमावलेलं सगळं तिथे जातं.

उपाय असा: बरोबर नाव दिसलं तरी थांबायचं नाही. ‘इथे आहे, पण याच्या आधी अजून असू शकतो’ असं समजून उजवं बोट मागे घ्यायचं आणि बोटं ओलांडेपर्यंत चालू ठेवायचं. शेवटी डावं बोट पहिल्या देशमुखावर उभं असतं. पायथनमध्ये हे तयारच मिळतं:

```python
from bisect import bisect_left, bisect_right

a = bisect_left(yadi, "देशमुख")
b = bisect_right(yadi, "देशमुख")
print(b - a)
```

`a` ही पहिल्या देशमुखाची जागा आणि `b` ही शेवटच्या देशमुखाच्या लगेच पुढची. दोघांची वजाबाकी म्हणजे देशमुखांची संख्या, एकही देशमुख न मोजता. माझ्या मते रोजच्या कामात पहिल्या कोडपेक्षा हाच प्रकार जास्त उपयोगी आहे. नाव नसेल तर `a` आणि `b` सारखेच येतात.

नाव डोळ्यांसमोर आहे, तरी सापडत नाही

छापील यादी पाहून एक्सेलमध्ये उतरवायची, तीच फाइल प्रोग्रामला द्यायची, असं काम आमच्याकडच्या पोरांना बरेचदा मिळतं. मग थोड्या वेळाने हाक येते, “सर, क्षीरसागर सापडूनच नाई राह्यला!” आणि पोरगं बोट ठेवून दाखवतं की हा पाहा, शेवटच्या ओळीत आहे.

वरच्या १५ नावांच्या खाली १६ वं ‘क्षीरसागर’ लिहा. आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट असल्यामुळे कागदावर ही जागा अगदी बरोबर आहे. पण युनिकोडमध्ये ‘क्ष’ नावाचं वेगळं अक्षर नाही. क, हलन्त आणि ष असे तीन संकेत मिळून तो बनतो, आणि पायथन नावांची तुलना या संकेतांच्या क्रमांकांवरून करतो. त्याच्या लेखी क्षीरसागर हे ‘क’चं नाव आहे. हलन्ताचा संकेत सगळ्या नेहमीच्या मात्रांच्या नंतर येतो, म्हणून काळे, कोल्हे यांच्याही पुढे आणि गावंडेच्या मागे त्याची जागा.

आता १६ ओळींवर शोध चालवा. मध्य ८, तायडे. ‘क’ हा ‘त’च्या आधी, उजवं बोट ७ वर. इथेच खेळ संपला, कारण १६ वी ओळ पहिल्याच नजरेत बाद झाली. पुढे ४ वर काळे, प्रोग्राम म्हणतो पुढे. ६ वर चौधरी, मागे. ५ वर गावंडे, मागे. डावं ५, उजवं ४. नाही. कोडमध्ये काही चूक नाही. यादी एका क्रमाने लावलेली आहे आणि तुलना दुसऱ्या क्रमाने होते आहे.

‘ज्ञ’चं असंच होतं, तो ‘ज’मध्ये जातो. ‘ळ’चा घोळ जास्त लपलेला असतो. वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर, युनिकोडमध्ये ‘ल’ आणि ‘व’च्या मधे. म्हणून कागदावर काशीकर आधी आणि काळे नंतर, तर कॉम्प्युटरच्या हिशेबात काळे आधी. दोघांत वाईट गोष्ट अशी की क्रम बिघडलेल्या यादीवर बायनरी सर्च ओरडत नाही. बरीचशी नावं बरोबर देतं आणि काही गपचूप गाळतं.

क्रम बिघडला आहे का, हे ओळखायला शेजारशेजारच्या जोड्या तपासा:

```python
for i in range(len(yadi) - 1):
    if yadi[i] > yadi[i + 1]:
        print(i, yadi[i], yadi[i + 1])
```

काहीच छापलं नाही तर यादी ठीक. आपल्या १६ नावांवर हे चालवलं तर वानखडे आणि क्षीरसागर ही जोडी छापून येईल. सोपा उपाय म्हणजे यादी आत घेतली की `yadi.sort()` करून टाका आणि मगच शोधा. लावणारा आणि शोधणारा एकच असला की क्रम कोणता आहे याने फरक पडत नाही. छापताना मात्र वर्णमालेचा क्रम लागेल, तर मराठी क्रम जाणणारी आयसीयूसारखी लायब्ररी वापरा, आणि मग शोधतानाही तुलना त्याच लायब्ररीने करा. काळे, काशीकर, क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर ही चार नावं लावून ती तुम्हाला हवा तोच क्रम देते ना, ते आधी पाहून घ्या.

वानखडे की वानखेडे

अमरावती-अकोल्याकडे वानखडेही आहेत आणि वानखेडेही. फोन करणारा सांगतो एक, डिरेक्टरीत छापलेलं असतं दुसरं. बायनरी सर्चला ‘जवळपास’ कळत नाही. एका मात्रेचा फरक म्हणजे त्याच्यासाठी वेगळं नाव. मागे न सापडलेल्या शोधातून मिळालेली जागा राखून ठेवा म्हटलं होतं, ती इथे वापरायची. `bisect_left` जी जागा देतं तिच्या वरच्या आणि खालच्या पाच-पाच ओळी दाखवा. वानखेडे शोधणाऱ्याला वरच्या ओळींत वानखडे दिसतात आणि माणूस आपला आपण ओळखतो. पण फरक नावाच्या पहिल्याच अक्षरात असेल, तर शेजार पाहून उपयोग नाही, ते नाव दूर कुठेतरी बसलेलं असतं.

नावापुढे राहून गेलेली रिकामी जागा हाही असाच प्रकार, फक्त डोळ्यांना दिसत नाही. टायपिंग करून आलेल्या प्रत्येक नावावर `strip()` चालवल्याशिवाय मी यादी लावतच नाही.

नंबरवरून नाव

मिस्ड कॉल आला, नंबर आहे, नाव हवं आहे. डिरेक्टरी हातात आहे, पण ती आडनावाने लावलेली. मधलं पान उघडून तिथला नंबर पाहिला तरी आपला नंबर मागे आहे की पुढे, हे त्यावरून काहीच कळत नाही. एकही पान बाद करता येत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्या ओळीपासून.

यासाठी दुसरी यादी करावी लागते: नंबर आणि तो मूळ यादीत कितव्या ओळीवर आहे तो क्रमांक, एवढंच. ही यादी नंबरप्रमाणे लावा. नंबर इथे १७ नजरांत सापडतो आणि ओळ क्रमांक धरून नावावर जाता येतं. नंबर मजकूर म्हणून साठवले असतील तर सगळ्यांचे अंक सारखे हवेत. १० अंकी मोबाइल नंबरांना अडचण नाही, पण त्यात कमी-जास्त अंकांचे लँडलाइन मिसळले की मजकुराच्या क्रमात `"10"` हे `"9"` च्या आधी येतं. तो क्रम पुन्हा मजकूर म्हणूनच शोधला तर चालतो, आकडा म्हणून शोधला तर क्षीरसागरसारखंच गाळलं जातं.

दोन याद्या म्हणजे दुप्पट सांभाळ. नवं नाव मूळ यादीत मधे घुसवलं की त्याखालच्या सगळ्या ओळी एकेक जागा खाली सरकतात आणि नंबरांच्या यादीतले ओळ क्रमांक चुकीचे होतात. छापील डिरेक्टरीत नवी नावं मधे घालताच येत नाहीत, म्हणून ती पुरवणीत जातात आणि पुढच्या आवृत्तीत मिसळतात. कॉम्प्युटरवरही मी तेच करतो. दिवसभरात आलेली नावं वेगळ्या छोट्या यादीत, ती क्रमाने वाचायची, कारण ५०-६० नावांसाठी बायनरी सर्चची गरजच नाही. मुख्य यादीत आधी शोधायचं, नाही मिळालं तर पुरवणीत. रात्री एकदा दोन्ही एकत्र करून `sort()` करायचं आणि नंबरांची यादी नव्याने बांधून घ्यायची.